डिस्चार्ज मिळाला, आता फाईल ॲडमिट करा

पेशंट बरा झाला की नाही, हे आपल्याकडे दोघं जण ठरवतात. एक डॉक्टर आणि दुसरा टीपीएच्या ऑफिसात बसलेला क्लेम तपासणारा. डॉक्टर नाडी बघतो, हा पावती बघतो. डॉक्टरनं घरी पाठवलेला माणूस याच्या टेबलावर पुढं महिना-महिना ॲडमिटच असतो. विमा कंपनी आणि पॉलिसीवाला यांच्यामध्ये बसून कागद तपासणारी जी संस्था असते ती टीपीए, आणि तिथल्या त्या दुसऱ्या खुर्चीत मी बरीच वर्षं बसलेलो आहे. रिटायर झाल्यापासून सोसायटीत कुणी माझी प्रकृती विचारत नाही. लिफ्टमध्ये भेटले की फाईल उघडतात.

कॅशलेस असेल तर फारसा प्रश्न नसतो. हॉस्पिटल आणि टीपीए आपापसात कागदांची देवाणघेवाण करतात आणि आपण कॉरिडॉरमध्ये उभं राहून 'अप्रूव्हल आलं का हो?' एवढंच विचारायचं. पण ज्या सर्जनवर घराचा तीस वर्षं विश्वास असतो, त्याचं नर्सिंग होम नेमकं कंपनीच्या नेटवर्कात नसतं. मग पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर कागद दाखवून परत मागायचे. याचं नाव रिइम्बर्समेंट. लोकांना वाटतं, ही फाईल घरी आल्यावर निवांत, जेवणाच्या टेबलावर करायची असते. माझ्यापुढं आलेल्या अडकलेल्या फायलींपैकी बहुतेक याच समजुतीनं अडकल्या होत्या. फाईल हॉस्पिटलातच तयार होते. घरी आल्यावर तिला फक्त टाचणी लावायची असते.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या तात्यांचं उदाहरण सांगतो, कारण त्यात सगळंच होतं. तात्यांना उजव्या बाजूचा हर्निया. ऑपरेशन ठरवून केलेलं. ४ ऑगस्ट २०२५ ला ॲडमिट, ६ ऑगस्टला डिस्चार्ज. पॉलिसी आरोग्य संजीवनी, मुलानं मार्च २०२३ मध्ये काढलेली. मुलगा बेंगळुरूला. ही पॉलिसी विमा नियामकानं १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना एकाच मसुद्यात विकायला लावली, त्यामुळे तिच्यातल्या मुदती कुठल्याही कंपनीत त्याच. इतर पॉलिसींत आकडे बदलतात, काहींत तर डिस्चार्जनंतर पंधराच दिवस मिळतात. तेव्हा आपली पॉलिसी एकदा उघडून 'क्लेम प्रोसिजर' हे पान वाचावं. मी हे सांगतो तेव्हा समोरचा माणूस मी त्याला संस्कृत वाचायला सांगितल्यासारखा बघतो.

पहिली मुदत डिस्चार्जच्याही आधीची असते. ऑपरेशन ठरलेलं असेल तर ॲडमिट होण्याआधी निदान ४८ तास कंपनीला कळवायचं. तातडीनं दाखल व्हावं लागलं तर २४ तासांत किंवा डिस्चार्जच्या आधी, यातलं जे अगोदर येईल तेव्हा. तात्यांनी आपल्या हर्नियाची बातमी दूधवाल्याला, पेपरवाल्याला, हास्यक्लबाला आणि नागपूरच्या व्याह्यांना दिली होती. राहिली होती फक्त ती कंपनी, जिच्याकडून पैसे यायचे होते. "अजून काही झालंच नाही तर कळवायचं काय?" असा त्यांचा प्रश्न. शेवटी मुलानं बेंगळुरूहून ईमेल केला. फोन न करता ईमेल केला हे फार बरं झालं, कारण ईमेलवर तारीख असते आणि उत्तरात इंटिमेशन नंबर येतो. तो नंबर पुढं प्रत्येक कागदावर लागतो.

मी थर्मास घेऊन हॉस्पिटलात पोचलो तेव्हा एक तरुण डॉक्टर केसपेपर भरत होता. "काका, गाठ कधीपासून आहे?" हा प्रश्न ऐकल्यावर तात्या उशीला टेकून बसले. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांना सविस्तर बोलायला सांगत होतं.

"अहो, कधीपासून काय विचारता! मी बँकेत होतो ना, तेव्हापासूनची ही कटकट."

डॉक्टरनं लिहिलं : सहा वर्षांपासून.

काकू स्टुलावरून उठल्या. "काहीतरी काय सांगता हो! बँकेत होतात तेव्हा तुमची पाठ दुखत होती. ही गाठ गेल्या दिवाळीत दिसली, फराळाचे डबे माळ्यावरून काढताना. लगेच दाखवायला गेलो ना आपण? त्या डॉक्टरांचा कागद आहे माझ्या पर्समध्ये."

कागद निघाला. तारीख नोव्हेंबर २०२४. डॉक्टरनं आधीचं खोडून शेजारी सही केली आणि नवीन लिहिलं. तात्यांना मात्र आपला आजार असा एकदम धाकटा झालेला आवडला नाही.

आता या एका ओळीची किंमत बघा. या पॉलिसीत हर्नियासाठी २४ महिने थांबावं लागतं, ते तात्यांचे झाले होते. पण पॉलिसी घेण्याच्या आधीपासून असलेल्या आजाराची मुदत त्याहून मोठी असते, ती अजून बाकी होती. सहा वर्षांची गाठ म्हणजे पॉलिसीच्या आधीची गाठ. तीच ओळ केसपेपरवरून डिस्चार्ज समरीत टाईप झाली असती आणि टीपीएतल्या माझ्यासारख्या कुणीतरी तिच्याखाली लाल रेघ मारून फाईल बाजूला ठेवली असती. नंतर सर्जनचं दुरुस्तीचं पत्र आणता येतं, नाही असं नाही. पण क्लेम अडकल्यावर आलेलं पत्र आम्ही जरा भिंग लावूनच वाचायचो. गाठ खरोखर सहा वर्षांची असेल तर तसंच सांगावं. लपवलेलं जुन्या सोनोग्राफीत सापडतं, आणि मग पुढं काहीच चालत नाही. पण नुसती गप्पांची हौस म्हणून आजाराचं वय वाढवू नये. डिस्चार्ज समरी हातात आली की पिशवीत घालण्याआधी उभ्या-उभ्या वाचावी : नाव, वय, दाखल झाल्याची आणि सुटल्याची तारीख-वेळ, निदान, कुठली बाजू आणि 'कधीपासून'. आमच्याकडे एकदा डाव्या गुडघ्याच्या बिलाबरोबर उजव्या गुडघ्याची समरी आली होती. दोन्ही गुडघे त्याच पेशंटचे होते एवढाच काय तो दिलासा.

हर्नियात पोटाच्या भिंतीला आतून जाळी लावतात. ही जाळी खोक्यातून येते आणि खोक्यात तिच्या लॉट नंबरचे चिकटवायचे स्टिकर असतात. मोतीबिंदूच्या भिंगाचं, हृदयातल्या स्टेंटचं, गुडघ्याच्या सांध्याचंही असंच. शरीरात काहीही बसवलं की त्याचा स्टिकर किंवा बिल क्लेमला लागतं. ओटीतली सिस्टर एक स्टिकर ऑपरेशन नोट्सवर चिकटवते. उरलेले स्टिकर खोक्यासकट कचऱ्यात जातात, आणि तो कचरा न्यायला येणारी गाडी हॉस्पिटलातल्या सगळ्या यंत्रणांत सर्वांत वक्तशीर असते. म्हणून काकूंना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी ओटीच्या दारात उभं राहून सिस्टरकडून स्टिकर मागून घेतला आणि हळदीकुंकवाची डबी ठेवतात त्या कप्प्यात ठेवला. तपासणारा तीन ठिकाणी तोच लॉट नंबर शोधतो : स्टिकरवर, जाळीच्या बिलावर आणि ऑपरेशन नोट्समध्ये. तात्या म्हणाले, "कंपनीला शंका असेल तर मी शर्ट वर करायला तयार आहे." विमाशास्त्रात शर्ट वर करण्याची तरतूद नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घाई असते. पेशंटला घरी जायचं असतं, हॉस्पिटलला खाट हवी असते, जावयाची गाडी नो-पार्किंगमध्ये असते. नेमक्या त्याच तासात क्लेमचे निम्मे कागद मिळायचे असतात. काउंटरवरच्या मुलीनं तात्यांना एकपानी बिल दिलं. त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, खोलीभाडं या तीन ओळी नीट होत्या आणि चौथी ओळ होती 'इतर : ११,२००'. हे 'इतर' म्हणजे क्लेममधला दलदलीचा भाग. तपासणाऱ्याला त्यात काय-काय आहे ते कळत नाही, मग तो सगळंच बाजूला काढतो. खर्चाची बाबवार फोड असलेलं बिल मागितलं की मिळतं, पण मागावं लागतं.

त्याहून मोठा घोळ बिल आणि पावतीचा. बिल म्हणजे हॉस्पिटल किती पैसे मागतं, पावती म्हणजे तुम्ही किती दिले. कंपनीला दोन्ही हवी असतात. तात्यांच्या बिलावर 'पेड' असा ठसठशीत शिक्का होता. तो बघून तात्या खुश. पण नंबर असलेली, सही-शिक्क्याची पावती कुठाय? ॲडमिट होताना भरलेल्या वीस हजारांची तर नुसती चिठ्ठी होती, तीसुद्धा एका औषधकंपनीच्या पॅडवर. तीस-बत्तीस वर्षं बँकेत लोकांना पावत्या फाडून दिलेला हा माणूस. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी "बाळ, ही पावती नाही" असं जे सुनावलं, त्यात सगळी नोकरी परत आली. पक्क्या पावत्या मिळाल्या.

मग क्लेम फॉर्म. त्याचे दोन भाग. भाग 'अ' आपण भरायचा, भाग 'ब' हॉस्पिटलनं. भाग 'ब'मध्ये सर्जनचा नोंदणी क्रमांक, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, पॅन, खाटांची संख्या, आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड (हर्नियाचा हा प्रकार के-४० या गटात येतो) असं बरंच काही असतं आणि शेवटी सही-शिक्का. म्हणून हा फॉर्म ॲडमिट होतानाच छापून न्यावा. आमच्याकडे घडलं ते असं : फॉर्म भरला गेला, सर्जननं सही केली, आणि शिक्का ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली मॅडमकडे आणि मॅडम राखीच्या खरेदीला. "उद्या या ना," मुलगी म्हणाली. अशा 'उद्या'चे आठवडे होताना मी पाहिले आहेत. तात्या खुर्ची ओढून तिथंच बसले. मॅडम आल्या, शिक्का बसला.

औषधांच्या बिलांना आणि तपासण्यांना एक साधा नियम आहे. जिथं बिल आहे तिथं डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि तपासणी असेल तर तिसरा कागद म्हणजे रिपोर्ट. सोनोग्राफीचं बिल आणि रिपोर्ट आहे पण ती करायला कुणी सांगितली तो कागद नाही, म्हणजे ती तुम्ही हौसेनं केली. बिलावर नावही पेशंटचंच हवं, आणि पॉलिसीत आहे तसंच. तात्या पॉलिसीत 'दत्तात्रय', हॉस्पिटलात 'दत्ता', लॅबमध्ये 'डी. जी.' आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे, पंचवीस वर्षांच्या स्नेहामुळे, नुसते 'तात्या'. माणूस लोकप्रिय असला की क्लेम अवघड होतो. हॉस्पिटलच्या कागदांवरचं नाव डिस्चार्जच्या आधीच सुधारून घेतलं. मेडिकलवाल्यानं "तात्या, तुमच्यासाठी काय वाट्टेल ते" म्हणत बिल नव्यानं छापून दिलं, त्यावर छापलं 'तात्यासाहेब'. मग परत छापलं.

पैसे कुणाच्या खात्यात येणार, हेही लोकांना शेवटी कळतं. ते पेशंटच्या नव्हे, पॉलिसी ज्यानं घेतली त्याच्या, म्हणजे इथं मुलाच्या खात्यात. म्हणून भाग 'अ'वर सही मुलाची आणि रद्द केलेला चेकही मुलाचा, त्यावर नाव छापलेलं असलं पाहिजे. तात्यांनी मात्र आधी स्वतःचाच चेक काढला होता. तोही अशा बँकेचा, जी दुसऱ्या बँकेत विलीन होऊन पाच वर्षं झाली, म्हणजे आयएफएससी कोडही गेलेला. शिवाय कोऱ्या करकरीत चेकवर दोन रेघा मारून 'कॅन्सल्ड' लिहिणं हे त्यांच्या जिवावर आलं होतं. मुलाचा चेक कुरियरनं आला.

सगळे कागद जमले आणि तात्या म्हणाले, "आता टाके काढणं, नंतरची औषधं, पट्टा, दोन-तीन फॉलोअप, हे सगळं होऊ दे. एकदाच काय ते पाठवू. उगाच दोनदा कुरियर कशाला?" हा विचार इतका सज्जन आणि इतका मराठी आहे की त्यात किती क्लेम बुडाले याची कल्पना येत नाही. इथं घड्याळं दोन आहेत. हॉस्पिटलचा खर्च आणि ॲडमिट होण्याआधीच्या ३० दिवसांतला तपासण्या-औषधांचा खर्च, यांची फाईल डिस्चार्जपासून ३० दिवसांच्या आत जायला हवी. डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतला खर्चही मिळतो, पण त्याची फाईल वेगळी, आणि ती नंतरचे उपचार संपल्यापासून १५ दिवसांत. दुसऱ्या घड्याळाची वाट बघत बसलं की पहिलं थांबत नाही.

तात्यांचं पहिलं घड्याळ ५ सप्टेंबरला संपत होतं. २०२५ चे गणपती बसले २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरची. म्हणजे शेवटची तारीख विसर्जनाच्या आदल्या दिवशी. त्या दहा दिवसांत आपल्याकडे शिक्का, सही किंवा झेरॉक्स यांपैकी काहीही मागितलं तर एकच उत्तर मिळतं : गणपती झाल्यावर बघू. म्हणून हरतालिकेच्या आदल्या दिवशी फाईल कुरियर झाली. मूळ कागद कंपनीला, एक पूर्ण झेरॉक्स संच घरी, प्रत्येक पानाला नंबर, वर एक यादी आणि कुरियरची पावती काकूंच्या त्याच कप्प्यात.

ज्यांना उशीर होतो, त्यांचं काय? उशीर टाळता येण्यासारखा नव्हता हे पटलं, तर केवळ उशिराच्या कारणावर क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असं नियामकानं २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलेलं आहे. तेव्हा उशिरा का होईना, कारणाचं पत्र आणि पुरावा जोडून फाईल पाठवावीच. अशी पत्रं मी ढिगानं वाचली आहेत. पेशंट परत आयसीयूत गेला, हॉस्पिटलनं समरीच उशिरा दिली, घरात मृत्यू झाला, ही कारणं चालतात. 'घरी गणपती होते' हे चालत नाही. ज्या सणाची तारीख कॅलेंडरात वर्षभर आधी छापलेली असते, तो आपल्या ताब्याबाहेरचा प्रसंग आहे असं म्हणता येत नाही.

गौरी जेवतात त्या दिवशी टीपीएचं पत्र आलं. क्वेरी. तात्यांचा चेहरा पडला, कारण क्वेरी म्हणजे नकार असं त्यांना वाटलं. तसं नसतं. क्वेरी म्हणजे फाईल कुणीतरी खरोखर वाचली. त्यांना इनडोअर केसपेपर हवे होते, म्हणजे वॉर्डात रोज लिहिलेली नाडी, ताप, औषधं यांची नोंद. पत्रात उत्तराची मुदत असते, ती पाळली नाही की स्मरणपत्रं येतात आणि नंतर 'कागद आले नाहीत' म्हणून फाईल बंद होते. आमच्या भाषेत ती नाकारलेली नसते, नुसती झोपलेली असते. तिला उठवायला पुन्हा पत्र लिहावं लागतं. तात्यांच्या नर्सिंग होमनं केसपेपरच्या प्रती दिल्या, त्याचे तीनशे रुपये घेतले आणि त्याची नीट पावती दिली. त्या केसपेपरात पहिल्याच पानावर खोडलेली 'सहा वर्षे' आणि शेजारची डॉक्टरची सही होती. टीपीएवाला तेच बघत होता, हे मी पैजेवर सांगतो.

हिशेब आला. तात्यांनी मागितले होते ८०,०००. त्यातून बाटलीबंद पाणी, रात्रीची आया आणि असलेच किरकोळ २,००० गेले. उरलेल्या ७८,००० वर या पॉलिसीत ५ टक्के आपण सोसायचे असतात, ते ३,९००. मुलाच्या खात्यात ७४,१०० जमा झाले.

राहिली दुसरी फाईल. तात्यांचा औषधांचा कोर्स ५ ऑक्टोबरला, बरोबर साठाव्या दिवशी संपला, म्हणजे शेवटची तारीख २० ऑक्टोबर. त्या दिवशी नरक चतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नान करून कुरियरच्या दुकानासमोर उभं राहायला नको म्हणून वसुबारसेलाच फाईल गेली. फॉलोअपची फी आणि औषधं मंजूर झाली. पोटाचा पट्टा नामंजूर, केसपेपरचे तीनशे नामंजूर, आणि झेरॉक्सचं बिल नामंजूर. तात्या यादी घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना नियामकाची न मिळणाऱ्या खर्चांची यादी दाखवली. तिच्यात पट्टे आहेत, वैद्यकीय नोंदींचा खर्च आहे आणि झेरॉक्सचा खर्चही स्वतंत्र ओळीत आहे.

"म्हणजे कागद मागायचे यांनी आणि प्रती काढायच्या मी?" तात्या म्हणाले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. झेरॉक्सच्या त्या बिलाचीही त्यांनी एक झेरॉक्स काढून ठेवली होती, आणि तिचे दोन रुपये मागायचे राहून गेले होते.